मुद्दा पार्सल फोडण्याचा आहे

> "दोन-तीन हजारांच्या पार्सलवर ड्युटी लावून सरकारला असं काय मिळणार?"

एका पार्सलवर फार नाही, पण सवलतीची मर्यादा दिसली की माल तिच्या मापाने फोडला जातो. आपल्याकडे परदेशातून भेट म्हणून आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंना ड्युटी माफ होती. समजा, परदेशी अ‍ॅपवर नऊ हजारांचे कपडे घेतले. विक्रेता साडेचार हजारांची दोन पार्सलं करून दोन्हींवर 'गिफ्ट' लिहिणार. पत्ता तोच, नावं वेगळी. कस्टमवाल्यांनी ढिगातलं एकेक पाकीट उघडायचं तरी कसं? तसेच कपडे रीतसर आयात होऊन सांगलीत हरभट रोडवर आले, तर किमतीत ड्युटी आणि जीएसटी धरलेला. दुकानदारावर हा सरळ अन्याय होता. म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद केली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली.

अमेरिकेची मर्यादा तर ८०० डॉलर होती. तीही २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी गेली. त्यात मिरजेचे कारागीर विनाकारण भरडले जातात, याचं वाईट वाटतं. पाचशे डॉलरचा तानपुरा तिकडच्या गिऱ्हाइकाला थेट पाठवताना आता ड्युटी कोण भरणार, हे ऑर्डर घेतानाच ठरवून घ्या.