मदत हवी आहे: "अस्ताव्यस्त बरसत थंडावा देणारं", आभाळ बसत नाही

दर्यासारंग_९
मंडळाच्या अंकात गूढ शब्दकोडं आलंय, उत्तरं आज रात्रीपर्यंत द्यायची आहेत. सगळं झालं, आडवा ११ अडलाय: "अस्ताव्यस्त बरसत थंडावा देणारं". बरसणारं आणि थंडावा देणारं म्हणजे आभाळच ना? पण बसत नाही. छपाईची चूक वाटते. कोणीतरी लवकर सांगा.

काळा_चौकोन
घरं किती? शोधसूत्राच्या शेवटी कंसात आकडा असेल, तो तुम्ही गाळलात. आणि उभ्या शब्दांतून कोणतं अक्षर मिळालंय?

सुपारीची_वाडी
वळीव!! 😄

दर्यासारंग_९
वळीव नाही बसत. कंसात ४ आहे.

काळा_चौकोन
मग आभाळही तीनच अक्षरी. छपाईची चूक नाही. तुम्ही वाक्याचा अर्थ वाचताय, आणि रचणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं.

मास्तर_निवृत्त
यात डोकं फोडण्यासारखं काय आहे? गूढ शोधसूत्रात सरळ अर्थ सुरुवातीला असतो किंवा शेवटी, मधे कधीच नसतो. इथे सुरुवातीला 'अस्ताव्यस्त'. त्याचा अर्थ 'विस्कळीत'. वि-स्क-ळी-त, चार अक्षरं. लिहा आणि पाठवून द्या.

काळा_चौकोन
मास्तर, नियम बरोबर आहे, पण तुम्ही तो अर्धाच लावलात. 'अस्ताव्यस्त' हा अर्थ धरला, तर उरलेल्या 'बरसत थंडावा देणारं' या शब्दांतून वि, स्क, ळी, त ही अक्षरं निघायला हवीत. ती कुठून काढणार? गूढ शोधसूत्रात उत्तर दोनदा सांगितलेलं असतं, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या फोडीने. फोड जुळत नसेल तर उत्तर कितीही चपखल वाटो, ते फक्त अंदाज असतं.

दर्यासारंग, उभ्या अक्षराचं अजून सांगितलं नाहीत.

दर्यासारंग_९
दुसरं अक्षर र आहे. उभा ७ गुहागर आलाय, त्याचा शेवटचा र. ते सोपं होतं, "लेण्यापुढे फळाचा खायचा भाग, व्याडेश्वराचं गाव". गुहा + गर.

काळा_चौकोन
हे आधी सांगितलं असतं तर विस्कळीत तिथेच बाद झालं असतं.

मास्तर_निवृत्त
र पक्का असेल तर माझं मागे घेतो. पण पक्का आहे का, ते आधी बघा.

ताम्हनकाठी
गुहागर पक्कंच आहे, व्याडेश्वर तिथलाच.

शब्दकोडं करायचं असेल तर काळी घरं अशी मांडा, की जाळी अर्धा फेरा फिरवली तरी तशीच दिसेल. पंधरा बाय पंधराची जाळी बरी. मी एक्सेलमध्ये करते, हवी असेल तर फाइल देईन.

दर्यासारंग_९
ताई, मला कोडं करायचं नाहीये, सोडवायचं आहे.

काळा_चौकोन
स्पर्धेचं उत्तर थेट देत नाही. दुसऱ्या शोधसूत्रावर रीत दाखवतो, आपलं तुम्ही काढा. हे घ्या:

"लवण का ढवळलं? माशांचं असतं ते (४)"

वाचल्याबरोबर मिठाचं भांडं आणि चमचा डोळ्यांसमोर येतो. तो विसरायचा. शब्द नुसते मांडायचे: लवण, का, ढवळलं, माशांचं, असतं, ते. आता दोन्ही टोकांकडून रेघ सरकवत यायचं आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं, की या बाजूचे शब्द एकटे उभे राहिले तर एखाद्या वस्तूचं वर्णन होतं का? 'माशांचं असतं ते' एकटं उभं राहतं. म्हणजे रेघ बहुधा 'ढवळलं'नंतर, आणि डावीकडचं सगळं फोडीचं.

फोडीत गोंधळ, हालचाल, मोडतोड किंवा स्वयंपाक दाखवणारा शब्द दिसला की अक्षरांची उलथापालथ असण्याचा संशय घ्यायचा. ढवळलं, विस्कटलं, कुटलं, खवळलेला, झिंगलेला, तसंच 'नव्याने मांडलेला' किंवा 'दुरुस्त'सुद्धा. असा शब्द स्वतःची अक्षरं देत नाही, शेजारच्या अक्षरांचं काय करायचं तेवढं सांगतो. अक्षरं द्यायला उरतात 'लवण' आणि 'का'. तीन अधिक एक, चार. कंसातला आकडाही चार. आकडा जुळला की मगच अक्षरं हलवायला घ्यायची. का-ल-व-ण.

आता तुमच्या ओळीला हेच करा. एक सापळा सांगून ठेवतो. तिथे चार अक्षरांचे शब्द दोन आहेत, कारण 'अस्ताव्यस्त'ही चारच भरतं: अ, स्ता, व्य, स्त. नुसती मोजणी दोघांनाही पास करेल.

पेन्सिल_नको_पेन
एक मिनिट. अक्षरं अशी मोजायची हे कोणी ठरवलं? इंग्रजी गूढ कोड्यांत एकेक लेटर सुटं करतात. मराठीतही व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी धरायला हवी. नाहीतर उलथापालथीला उरतं काय? चार तुकडे!

काळा_चौकोन
आपल्याकडे एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यांसकट. हलवायचं तेही तेच. वाल्या 'मरा मरा' म्हणत राहिला आणि 'राम' झाला तो याच हिशोबाने. मात्रा सुट्या केल्या तर 'राम'मधून 'मार'ही निघेल, आणि मग कशातूनही काहीही निघेल.

पेन्सिल_नको_पेन
निघू दे की. तीच गंमत. तुमच्या पद्धतीने उलथापालथ फार लवकर सुटते.

काळा_चौकोन
लवकर सुटते, हे कबूल. त्यासाठी रचणाऱ्याने इशारा झाकायला शिकावं, मात्रा उडवू नयेत. रचणारा मात्रा सुट्या करणार असेल तर कोड्याच्या माथ्यावर तसं छापलं पाहिजे.

दर्यासारंग_९
माझं काय ते सांगा ना. 'अस्ताव्यस्त' आणि 'बरसत', यातला इशारा कुठला?

काळा_चौकोन
दोन्ही करून बघा. अक्षरं 'अस्ताव्यस्त'मधून घ्यायची असतील तर 'बरसत' हा इशारा ठरतो. बरसण्यात अक्षरं खाली पडतील, त्यांची जागा का बदलेल? शिवाय स्ता, व्य, स्त या जोडाक्षरांपासून दुसरा शब्द होणं जवळपास अशक्य. जोडाक्षरांनी भरलेला शब्द क्वचितच कच्चा माल असतो. आणि तुमचा र त्यात नाहीच. उलट बाजूने सगळं सरळ जातं.

मराठीत आणखी एक खूण आहे, इंग्रजीवाल्यांना ती मिळत नाही. आपली नामं विभक्ती लागली की रूप बदलतात. 'कमल विस्कटलं' म्हटलं तर क, म, ल जसेच्या तसे मिळतात आणि आंब्याचं कलम हाती येतं. 'कमलाचा गोंधळ' म्हटलं की ल चा ला झाला, माल बिघडला. म्हणून रचणारा कच्चा माल शक्यतो प्रत्यय न लावता ठेवतो, आणि इशारा विशेषण किंवा क्रियापद म्हणून शेजारी बसवतो. ला, ची, ने लागलेले शब्द आधी बाजूला काढा, बरंच काम हलकं होतं. अपवाद असतो, प्रत्ययासकट अक्षरं मोजून घेतलेली असतात, पण मग तेही आकड्यात बसायला हवं.

सुपारीची_वाडी
'पंकज विस्कटलं' असं दिलं तर? पंकज म्हणजे कमल, त्याचं कलम.

काळा_चौकोन
तो अन्याय. आधी समानार्थी शब्द ओळखा, मग त्याची अक्षरं हलवा, असं करायला लावत नाहीत. पंकजला कमल, पद्म, नलिन, राजीव, किती पर्याय. उलथापालथीची अक्षरं शोधसूत्रात डोळ्यांना दिसली पाहिजेत. सरळ जोडणीत समानार्थी चालतो, जसं वर लेण्याचं गुहा झालं.

दर्यासारंग_९
म्हणजे ब, र, स, त. र दुसऱ्या घरात ठाम.

काळा_चौकोन
मग उरलेल्या तीन अक्षरांच्या सहाच जुळण्या. बरसत, बरतस, तरबस, तरसब, सरतब आणि एक उरली. ती मी लिहीत नाही.

नाखवा_मालवण
सरबत रे बाबा सरबत! कित्याक त्येका ताटकळत ठेवतंस.

दर्यासारंग_९
हो, सरबत! बसलं. आभारी आहे. 'थंडावा देणारं' हा अर्थ होता तर.

मास्तर_निवृत्त
हा अर्थ म्हणायचा? थंडावा झाडही देतं, पंखाही देतो.

काळा_चौकोन
'देणारं' नपुंसकलिंगी आहे, पंखा तिथेच गळला. पण ढिलं आहे, इथे तुमच्याशी सहमत. लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये ॲझेड या नावाने कोडी रचणाऱ्या जोनाथन क्राउदर यांनी चांगल्या शोधसूत्राचं माप थोडक्यात मांडलंय: नेमका अर्थ, न्याय्य फोड, आणि तिसरं काही नाही. या ओळीत तिसरं काही नाही, एकही शब्द फुकट नाही. नेमकेपणात मात्र कमी पडते. शिवाय र आणि त जागचे हललेच नाहीत, ब आणि स ची फक्त अदलाबदल झाली. त्याला 'अस्ताव्यस्त' म्हणणं जरा जास्तच.

ताम्हनकाठी
सरबत आगळाचं की अमृत कोकमचं?

नाखवा_मालवण
आगळात मीठ असतां, तां सोलकढीक. सरबताक साखरेत मुरवलेल्या सालींचो रस.

ताम्हनकाठी
आमच्याकडे आगळात साखर घालून करतात. कोणी तक्रार केली नाही अजून.

दर्यासारंग_९
सरबत नंतर. उभा १४ पण तपासून द्या: "वडाप उलटलं, होडी मिळाली (३)". मी पडाव लिहिलंय. 'उलटलं' म्हणजे उलथापालथच ना?

मास्तर_निवृत्त
अर्थात. गाडी उलटली की आतलं सगळं विस्कटतं.

काळा_चौकोन
नाही. व-डा-प शेवटाकडून वाचा, प-डा-व. 'उलटलं', 'मागे फिरलं' हे उलट वाचण्याचे इशारे, उभ्या शब्दांत 'वर चढलं' असंही येतं. उलट वाचायचं असेल तर उत्तर एकच निघतं, उलथापालथीत पर्याय उरतात. तीन अक्षरांत फरक जाणवला नाही, पाच अक्षरांत घाम निघेल.

मास्तर_निवृत्त
माझ्या मते 'उलटलं' दोन्हीकडे चालतं. कालच्या एका कोड्यात तसंच होतं.

काळा_चौकोन
ती ओळ इथे टाका, बघू.

पेन्सिल_नको_पेन
दोन्हीकडे चालतं, इंग्रजीतही काही रचणारे वापरतात. फक्त 'उलट' चालत नाही, 'उलटसुलट' हवं.

मास्तर_निवृत्त
अंक रद्दीत गेला. पण होतं.