मदत हवी आहे : रोज सहा अंडी आणि एलडीएल १६८

सायंव्यायाम : माझे वय ३४ असून गेली दोन वर्षे मी आठवड्यातून पाच दिवस वजनांचा व्यायाम करतो. दहा महिन्यांपासून रोज सहा अख्खी उकडलेली अंडी खातो. त्यापूर्वीच्या तपासणीत एलडीएल ११२ होते, ते आता १६८ आहे. एचडीएल ५२, ट्रायग्लिसराइड ९० आणि एकूण कोलेस्टेरॉल २३८. वजन, कंबर आणि रक्तातील साखर व्यवस्थित आहे. वडिलांची वयाच्या ४९व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली होती. अंडी पूर्ण बंद करावीत, की फक्त बलक काढावा?

लोखंडप्रेमी : बलक फेकू नका, सारे सत्त्व त्यातच असते. कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतच तयार करते आणि आपण जास्त खाल्ले की ते स्वतःचे उत्पादन कमी करते. म्हणूनच अमेरिकेने २०१५च्या आहारसूचनांतून रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. शिवाय आपले एचडीएल उत्तम आहे, मग काळजी कसली?

आहार_सल्ला : यकृताबद्दलचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु मर्यादेचा आकडा काढताना त्याच सूचनांत आहारातील कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी ठेवावे असेही म्हटले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. यकृताची ही भरपाई सर्वांत सारखी होत नाही. काहींचे एलडीएल चार अंड्यांनीही हलत नाही, तर काहींचे दोन अंड्यांनीच चढते, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे व्यायामावरून किंवा शरीरयष्टीवरून कळत नाही. चांगले एचडीएल वाढलेल्या एलडीएलची भरपाई करते, हा समजही आता सोडून द्यावा. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, म्हणजे सहा अंड्यांत अकराशेच्या वर. इतक्या प्रमाणात रोज अंडी खाणाऱ्यांवर फारसा अभ्यास झालेला नाही. ‘अंडे निर्दोष’ म्हणणारे बहुतेक अभ्यास रोज एका अंड्याच्या आसपासचे आहेत.

मात्र धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे : या दहा महिन्यांत अंड्यांखेरीज आणखी काय वाढले?

कोल्हापूरकर७ : माझा एसजीओटी ६८ आला आहे. अंड्यांनी यकृत बिघडते का? मीही रोज आठ अंडी खातो, पण पांढरेच.

आहार_सल्ला : आपला प्रश्न वेगळा आहे. पायांचा जड व्यायाम करून दोन दिवसांत रक्त दिले असेल, तर एसजीओटी स्नायूंतूनही वाढतो. आठवडाभर जड व्यायाम थांबवून पुन्हा तपासा, सोबत सीपीकेही करा. तरीही वाढलेलाच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

सायंव्यायाम : वाढले ते म्हशीचे दूध. रोज अर्धा लिटर, साय न काढता, केळ्याबरोबर.

आहार_सल्ला : मग मुख्य संशयित कदाचित तेच असेल. सहा अंड्यांत संपृक्त मेद साधारण ९ ते १० ग्रॅम असतो, तर अर्धा लिटर सायीच्या म्हशीच्या दुधात त्याच्या जवळपास दुप्पट. रक्तातील एलडीएल ओढून घेणारी यकृताची ग्राहके संपृक्त मेद कमी करतो, त्यामुळे एलडीएल रक्तात साचत राहते. प्रथिनांची चिंता नको : दोन अख्खी अंडी आणि सहा पांढरे यांतून ३३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, सहा अख्ख्या अंड्यांतून ३६.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दूध सायविरहित करा, अंडी तशीच ठेवा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या. सोबत टीएसएच तपासा, कारण थायरॉईड मंदावला तरी एलडीएल वाढते. वडिलांच्या इतिहासामुळे लायपोप्रोटीन (ए) ही तपासणीही आयुष्यात एकदा कराच. ते वाढणे अनुवंशिक असते आणि अंडी सोडून कमी होत नाही. इतिहास पाहता हृदयरोगतज्ज्ञांची भेट मात्र या प्रयोगासाठी लांबणीवर टाकू नका.

लोखंडप्रेमी : मीही चार अंडी आणि साधे दूध घेतो, माझे एलडीएल ९५ आहे.

आहार_सल्ला : हे तुमच्या शरीराबद्दल झाले, त्यांच्याबद्दल नाही.

सायंव्यायाम (सात आठवड्यांनंतर) : एलडीएल १३८ आले, टीएसएच सामान्य आहे. पण मी चूक केली : घाबरून दूध बदलले आणि बलकही दोनवर आणले, त्यामुळे फरक कशाने पडला हे कळत नाही. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले की वडिलांचा इतिहास पाहता १३८ हा आकडाही त्यांना पुरेसा खाली वाटत नाही, औषधाचा निर्णय लायपोप्रोटीन (ए)चा अहवाल पाहून घेऊ. तो परवा मिळणार आहे.

आहार_सल्ला : दूध सायविरहितच ठेवा. चार बलक पुन्हा वाढवून पाहायचे असेल, तर आधी अहवाल आणि डॉक्टरांचे मत येऊ द्या. औषध सुरू झाले, तर त्यानंतरच्या आकड्यांवरून अंड्यांचा हिशेब लागणार नाही.