मदत हवी आहे: तक्त्याच्या स्क्रीनशॉटवरून मार्कडाउन करताना रकाने सरकतायत

मृणाल_अंबड (धागाकर्ती), शुक्रवार सायं. ६:१०

शीतगृहाच्या कंट्रोलरच्या सेटिंग्जच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट आहे, त्याचं मार्कडाउन करून डॉक्युमेंटेशनच्या पानावर टाकायचंय. ओसीआर केलं, उभ्या रेषा घातल्या, पण पानावर तक्ताच दिसत नाही, नुसत्या रेषा आणि आकडे सलग दिसतात. आकडे उजवीकडे आणि युनिट मधोमध हवेत, तेही जमत नाहीये. सोमवारी दिंडोरीच्या ग्राहकाला लिंक द्यायची आहे. कोणी पटकन सांगेल का?

खटपट्या, सायं. ६:२२

सोपं आहे. दुसऱ्या ओळीत कोलन टाका. डावीकडे असेल तर डावं, उजवीकडे असेल तर उजवं, दोन्हीकडे असेल तर मध्य. आकडे दिसले की उजवं, अक्षरं दिसली की डावं. विचार करायची गरज नाही.

गोदाकाठ, सायं. ६:४०

मृणालताई, पान कशावर बनतं? गिटहब, एमकेडॉक्स, आणखी काही? ओसीआर कशाने केलं? आणि तक्त्याच्या लगेच वरची ओळ कोणती आहे? या तीन गोष्टींशिवाय सगळे अंदाजच.

मृणाल_अंबड, सायं. ६:५५

एमकेडॉक्स. ओसीआर टेसरॅक्टने. वर "खालील तक्ता पाहा:" एवढंच आहे. व्हीएस कोडच्या प्रीव्ह्यूत तक्ता व्यवस्थित दिसतो, म्हणून तर डोकं फिरलंय.

गोदाकाठ, सायं. ७:०४

मग पहिलं कोडं सुटलं. "खालील तक्ता पाहा:" नंतर एक ओळ रिकामी सोडा. व्हीएस कोडचा प्रीव्ह्यू परिच्छेदाला चिकटलेला तक्ताही ओळखतो. एमकेडॉक्सच्या पोटात पायथन-मार्कडाउन आहे, ते रिकाम्या ओळींवर मजकुराचे तुकडे पाडतं. तुकड्याची पहिली ओळ तक्त्याची नसली की सगळा तुकडा साधा परिच्छेद धरला जातो. आणि कोलनवाल्या ओळीतले रकाने शीर्षकाच्या रकान्यांइतकेच हवेत. सहाला पाच झाले तरी तक्ता नाहीसा होतो.

मृणाल_अंबड, सायं. ७:१५

दिसला! पण आता वेगळंच. P07 च्या ओळीत Set च्या खाली "min" आलंय. हे माझं मार्कडाउन:

```
| Code | Parameter | Min | Max | Set | Unit |
|---|---|---|---|---|---|
| P01 | Set point | 1.0 | 10.0 | 0.5 | °C |
| P03 | Defrost gap | 1 | 24 | 6 | h |
| P07 | Door alarm | 60 | 15 | min |
```

आबा_पिंपळगाव, सायं. ७:३१

ताई, सेट पॉइंट 0.5 द्राक्षाला जास्त आहे. आमच्या पॅकहाऊसला उणे एक ते शून्यच्या मध्ये ठेवतो, आर्द्रता नव्वद ते पंच्याण्णव टक्के. आणि खालची मर्यादा 1.0 असेल तर कंट्रोलर शून्यावर जाणारच नाही, मग द्राक्ष ठेवायची कशी? मागच्या हंगामात एका कंपनीच्या पुस्तिकेत असंच चुकीचं छापलं होतं, माझा ऑपरेटर रात्रभर बटणं दाबत बसला होता.

खटपट्या, सायं. ७:३८

आबा, इथे मार्कडाउनचं चाललंय, द्राक्षांचं नाही.

गोदाकाठ, सायं. ७:४४

खटपट्या, थांबा जरा. आबांनी चूक पकडलीय. मृणालताई, स्क्रीनशॉटमध्ये P01 चा Min बघा बरं, 1.0 आहे की -1.0?

मृणाल_अंबड, सायं. ७:५२

-1.0 आहे. उणे चिन्ह गेलं. P04 मध्येही -5.0 चं 5.0 झालंय. आबा, तुमचे खूप आभार, हे असंच ग्राहकाकडे गेलं असतं.

गोदाकाठ, सायं. ७:५८

ओसीआरच्या आधी चित्रावर काय केलंत? तक्त्याच्या रेषा पुसल्या का?

मृणाल_अंबड, रात्री ८:०३

हो, ते लिहायचं राहिलं. तीनपट मोठं केलं आणि रेषा पुसणारी एक स्क्रिप्ट मिळाली होती ती चालवली. आडव्या रेषांना कर्नेल (15, 1).

खटपट्या, रात्री ८:०९

माझीच स्क्रिप्ट असेल, मीच एका धाग्यात टाकली होती. रेषा पुसल्याशिवाय टेसरॅक्ट त्यांना l आणि | वाचतं. ती पायरी हवीच.

गोदाकाठ, रात्री ८:२६

पायरी बरोबर, मोजमाप चूक. कर्नेल 15 म्हणजे पंधरा पिक्सेल सलग आडवं काळं दिसलं की ती रेषा समजून पुसायची. उणे चिन्ह मुळात पाच-सहा पिक्सेल असतं. तीनपट केल्यावर ते पंधरा ते अठरा होतं, म्हणजे नेमकं जाळ्यात. तक्त्याची रेषा अख्ख्या रकान्याभर जाते, तेव्हा कर्नेल शंभर किंवा जास्त ठेवा. रेषा जाईल, उणे राहील. मराठी तक्ता असेल तर याहून वाईट, कारण शिरोरेखा हीसुद्धा लांब आडवी रेषच आहे. पंधराच्या कर्नेलने शिरोरेखा जाते आणि मग टेसरॅक्टला अक्षरच ओळखू येत नाही. लांब शब्दाची शिरोरेखा शंभरातही सापडू शकते, तिथे कर्नेल सर्वांत लांब शब्दापेक्षा मोठा घ्यावा लागतो.

आता सरकलेला रकाना. P07 ला Min रिकामा आहे. टेसरॅक्ट फक्त शब्द देतं, रिकामी जागा त्याच्या लेखी नसतेच. म्हणून 60 डावीकडे घसरलं. पाचच रकाने असलेल्या ओळीला मार्कडाउन शेवटी गपचूप एक रिकामा रकाना जोडतं, कसलीही तक्रार करत नाही. शीर्षकाची ओळ चुकली तर तक्ता मोडतो आणि तुम्हाला कळतं. खालची ओळ चुकली तर तक्ता छान दिसतो आणि आकडे खोटे असतात.

यावर उपाय म्हणजे साधा मजकूर न घेता शब्दांच्या जागा घ्या:

```
magick p12.png -colorspace Gray -resize 300% p12b.png
tesseract p12b.png p12 --psm 6 tsv
```

p12.tsv मध्ये प्रत्येक शब्दापुढे left आणि width मिळतं. दोन्हींची बेरीज म्हणजे शब्दाची उजवी कड. चालवून P01, P03, P07 चे आकडे इथे टाका.

वर्षा_डॉक्स, रात्री ८:४०

एवढा खटाटोप कशाला? स्क्रीनशॉटच चित्र म्हणून टाका, खाली दोन ओळी वर्णन द्या. आमच्याकडे तसंच करतात.

मृणाल_अंबड, रात्री ९:०२

वर्षाताई, तंत्रज्ञ फोनवर "P07" शोधतात, चित्रात शोध लागत नाही. आणि एक सेटिंग बदललं की अख्खं चित्र नव्याने काढावं लागतं.

गोदाकाठ, रेषांचा कर्नेल 120 केला, उणे चिन्हं परत आली. जागा अशा:

```
text   left  width
-1.0    912     66
1       962     15
60     1100     38
24     1102     36
10.0   1072     66
°C     1402     44
h      1412     24
min    1394     60
```

गोदाकाठ, रात्री ९:२४

उत्तम. बेरीज करून बघा. -1.0 ची उजवी कड 978, 1 ची 977. डाव्या कडा 912 आणि 962, म्हणजे पन्नासचा फरक. उजवी कड स्थिर आणि डावी हलती, म्हणजे रकाना उजवीकडे लावलेला आहे.

60 ची उजवी कड 1138, 24 ची 1138, 10.0 चीही 1138. म्हणजे 60 हा Max चा आकडा आहे, Min चा नव्हेच. जिथे 978 च्या आसपास काही सापडत नाही तिथे रिकामा रकाना सोडायचा. शब्द कितवा आहे ते मोजू नका, त्याची कड कोणत्या रकान्याशी जुळते ते बघा.

युनिटला दोन्ही कडा हलतात. मग मध्य काढा, left अधिक width चं अर्धं. °C चा 1424, h चा 1424, min चा 1424. म्हणजे मधोमध. दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे सोडून द्या.

```
| Code | Parameter | Min | Max | Set | Unit |
|:-----|:----------|----:|----:|----:|:----:|
| P01 | Set point | -1.0 | 10.0 | 0.5 | °C |
| P03 | Defrost gap | 1 | 24 | 6 | h |
| P07 | Door alarm | | 60 | 15 | min |
```

Code रकान्यात सगळे शब्द सारख्याच रुंदीचे, त्यामुळे तिन्ही मोजमापं स्थिर येतील आणि मूळ काय होतं ते कळणार नाही. तिथे डावं ठेवा.

खटपट्या, रात्री ९:३३

म्हणजे शेवटी आकडे उजवीकडे आणि अक्षरं डावीकडेच आली की. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

गोदाकाठ, रात्री ९:४१

या तक्त्यापुरतं आलं. पण फोन नंबर, पार्ट नंबर, फर्मवेअरच्या आवृत्त्या हेही आकडेच, ते उजवीकडे लावले की वाचायला त्रास होतो. आणि तुमच्या नियमाने 60 कोणत्या रकान्यातला ते कळलं नसतं. कडा मोजायच्या त्या मुख्यतः त्यासाठी, अलाइनमेंट त्यातून आपोआप मिळते.

मृणाल_अंबड, रात्री ९:५८

साइटवर बरोबर दिसतंय. दोन शंका. मराठी शीर्षकं टाकली की एडिटरमध्ये उभ्या रेषा एकाखाली एक येत नाहीत. ते चालेल का? आणि असे ३८ स्क्रीनशॉट आहेत, त्यांतल्या काहींत Min आणि Max च्या वर मिळून एकच "Range" असं शीर्षक आहे.

वर्षा_डॉक्स, रात्री १०:०५

३८! हे आधी का नाही सांगितलंत? मूळ सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट होत नाही का? सीएसव्ही मिळाली तर ओसीआर लागणारच नाही.

मृणाल_अंबड, रात्री १०:११

पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट नाही, मजकूर सिलेक्टही होत नाही. पहिल्या दिवशीच तपासलंय.

गोदाकाठ, रात्री १०:२०

रेषा वाकड्या दिसल्या तरी चालतात. मात्रा आणि जोडाक्षरांमुळे एडिटरला रुंदी नीट मोजता येत नाही, पण मार्कडाउन फक्त रेषा मोजतं, मधल्या जागा नाही. डॅशही किती आहेत याने फरक पडत नाही.

जोडलेलं शीर्षक मात्र मार्कडाउनच्या तक्त्यात होत नाही. मी "Range min" आणि "Range max" असं सपाट करतो.

वर्षा_डॉक्स, रात्री १०:२८

मी तिथे सरळ एचटीएमएल तक्ता लिहिते, colspan सकट. ग्राहकाच्या स्क्रीनवर जसं दिसतं तसंच पुस्तिकेत दिसायला हवं.

गोदाकाठ, रात्री १०:३४

मग पुढच्या माणसाला ती फाइल दुरुस्त करणं अवघड जातं. दोन्ही बाजू आहेत.

आबा_पिंपळगाव, रात्री १०:४०

ताई, छापायच्या आधी उणे चिन्हं कंट्रोलरच्या स्क्रीनशी एकेक ताडून बघा. उद्या सकाळी मी पॅकहाऊसवर आहे. आमचाही कंट्रोलर त्याच पद्धतीचा असेल तर P01 पासून वाचून दाखवतो, तुम्ही तुमच्या तक्त्यावर खूण करत चला.

मृणाल_अंबड, रात्री १०:४७

आबा, नक्की. साडेनऊला व्यनिमध्ये नंबर देते. सपाट की एचटीएमएल ते रविवारपर्यंत ठरवते, तोवर Range नसलेले २९ तक्ते उरकते.