‘कोलायडर’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली
आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका भाषांतरित करतेय. विषय गरोदरपणातली तंबाखू आणि बाळांचे मृत्यू. एका आकृतीत घटकांमध्ये बाण काढलेत. एका पानावर बाळाच्या वजनाला ‘मीडिएटर’ म्हटलंय (मी ‘मध्यस्थ’ केलं), पुढच्या पानावर त्याच वजनाला ‘कोलायडर’. संपादक म्हणतात, एकाच गोष्टीला दोन नावं कशी, माझीच चूक असणार. शिवाय कोलायडरला शब्दच सापडत नाहीये.

अण्णा_गिरगाव
‘संघातक’. ‘संघात’ म्हणजे टक्कर. सोपं आहे.

लोकल_९०२
तो जिनिव्हातला बोगद्यातला ना? त्याला मराठी पेपरात ‘महाआघातक’ की कायतरी लिहायचे.

परळची_आकडेवाली
तो नव्हे, इथे कणबिण काही नाहीत. संपादकांना सांगा, दोन्ही नावं बरोबर आहेत. वजन स्वतः काहीच नसतं, कुठल्या वाटेने पाहताय त्यावर नाव ठरतं. ‘तंबाखू → वजन → मृत्यू’ या वाटेवर ते मध्यस्थ. आता चौथा घटक घ्या, जन्मजात व्यंग. त्यानेही वजन घटतं आणि बाळ दगावतंही. ‘तंबाखू → वजन ← व्यंग → मृत्यू’ या वाटेवर वजनात दोन बाण येऊन घुसतात. तिथे ते कोलायडर.

सातारी_मुलुंड
पण आम्हाला शिकवलं होतं की जे जे मोजलंय ते सगळं अ‍ॅडजस्ट करावं, म्हणजे त्या बाबतीत सारख्या असलेल्यांचीच आपसांत तुलना करावी. वजन मोजलेलंच असतं, मग घ्यायला काय हरकत आहे?

परळची_आकडेवाली
हरकत हीच की उत्तर उलटं येऊ शकतं. मनाचे आकडे घेऊ. तंबाखूवाल्या १००० आणि बिनतंबाखूवाल्या १००० आया. दोन्हीकडे २० बाळांना व्यंग, ती सगळी कमी वजनाची आणि त्यांतली निम्मी दगावतात. तंबाखूकडे सगळ्या कारणांनी मिळून आणखी ८० बाळं अडीच किलोच्या खाली जातात. दुसरीकडे इतर कारणांनी ४०. व्यंग नसलेल्या या हलक्या बाळांत दोन्हीकडे शंभरात ५ दगावतात, आणि भरल्या वजनाची सगळी वाचतात असं धरू.

तंबाखूकडे १०० हलकी बाळं, मृत्यू १० आणि ४, म्हणजे १४ टक्के. दुसरीकडे ६० हलकी, मृत्यू १० आणि २, म्हणजे २० टक्के. फक्त हलकी बाळं पाहिलीत तर तंबाखू बाळाला वाचवते असं दिसेल! हजारांत मात्र १४ विरुद्ध १२. बिनतंबाखूवालीचं बाळ हलकं निघालं की त्यामागे व्यंग असण्याची शक्यता जास्त, एवढाच खेळ आहे. ती वाट मुळात बंद होती. वजन धरून ठेवलंत आणि ती उघडलीत.

कॅलिफोर्नियातल्या आकड्यांवरून येरुशाल्मींनी १९७१ मध्ये हा प्रकार मांडला होता, सिगारेटच्या बाबतीत. लोक किती वर्षं चक्रावलेले होते. बाणांच्या आकृतीतून त्याचा उलगडा थेट २००६ मध्ये मांडला गेला.

लोकल_९०२
माझ्या बहिणीचं बाळ एकोणीसशे ग्रॅमचं होतं, आज शाळेत सगळ्यांत दांडगट. वजनाचं एवढं काही नसतं हो.

सातारी_मुलुंड
म्हणजे कोलायडर हा वाईट घटक, कधीच हात लावायचा नाही. बरोबर?

परळची_आकडेवाली
अर्धं बरोबर. तंबाखूचा एकूण परिणाम हवा असेल तर वजन बाहेर ठेवा. ते घेतलं तर दोन घोटाळे होतात. वजनातून जाणारा परिणाम कापला जातो आणि व्यंगाची वाट उघडते. घ्यायचं ते आईचं वय, घरची परिस्थिती वगैरे, जे तंबाखूच्या आधीपासून असतं आणि मृत्यूकडेही जातं. पण वजन वगळून उरणारा थेट परिणामच हवा असेल तर वजन घ्यावंच लागतं. मग व्यंगाचीही नोंद हवी. ती हातात असली तर उघडलेली वाट पुन्हा बंद करता येते. आपल्याकडच्या कागदांत ती बहुधा नसते, आणि न मोजलेलं दुसरं काही वजनाला नि मृत्यूला जोडत असेल तर तेही नडतं. हे आकडे पाहून कळत नाही, बाण विचार करूनच काढावे लागतात.

मिश्रीचं म्हणाल तर मुंबईतल्याच १२१७ बायकांवरचा अभ्यास २००४ मध्ये छापून आलाय. बिनधुराच्या तंबाखूने वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. म्हणजे तंबाखूकडून वजनाकडे जाणारा बाण इथलाही आहे.

अण्णा_गिरगाव
सगळं ठीक, पण ‘अ‍ॅडजस्ट’ काय? ‘समायोजन’ म्हणा. अ‍ॅडजस्ट चौथ्या सीटवर करतात.

भाषांतरवाली
‘समायोजन’ माझ्या सेविकांना शिक्षकांच्या बदल्यांवरून माहीत आहे, घोळ होईल. आणि ‘संघातक’ कानाला घातक लागतो.

कणकवलीकर
आमच्याकडे तीन रस्ते मिळतात त्याला तिठा म्हणतात. ‘तिठा-घटक’ करा.

परळची_आकडेवाली
तिठ्यावरून माणूस पलीकडे जातो. इथे आपण मधे पडत नाही तोवर वाट बंद असते, हेच तर सांगायचंय.

सातारी_मुलुंड
आणि तिठा नाही, तिकटी. आमच्याकडे तिठा कुणी म्हणत नाही.

कणकवलीकर
तुमच्याकडे नसेल. सावंतवाडीपर्यंत विचारून या.

अण्णा_गिरगाव
मुंबईत दोन्ही नाहीत. मुंबईत नाका. तोही जकातीचा, रस्त्यांचा नव्हे.

भाषांतरवाली
उद्या मजकूर द्यायचाय. तोवर ‘कोलायडर’च ठेवतेय, खाली आकृती आहेच.

कणकवलीकर
जकातीचा नाका वेगळा हो. चार रस्त्यांच्या नाक्याला जकात कुठून आली?