मदत हवी आहे: पीएस५ अल्ट्रावाइड मॉनिटरवर लावला, सगळं आडवं ताणलेलं दिसतंय

निवांत_पुणेकर
नमस्कार मंडळी, वर्क फ्रॉम होमसाठी ३४ इंची अल्ट्रावाइड घेतला होता (३४४०×१४४०, वाकडा नाही, सपाट), दिवसभर ऑफिसचा लॅपटॉप त्यावर असतो आणि काही तक्रार नाही. टीव्ही आता बायको आणि सासूबाईंच्या ताब्यात गेल्यामुळे शनिवारी पीएस५ उचलून या मॉनिटरच्या एचडीएमआयला लावला. चित्र पूर्ण स्क्रीनभर आलं, आधी आनंद झाला, मग फुटबॉलचा गेम लावला तर बॉल चक्क अंड्यासारखा आणि सगळे खेळाडू दिवाळीचा फराळ महिनाभर खाल्ल्यासारखे. वेड लागलं का मला म्हणून शिवणाच्या डब्यातली टेप आणून गेममधला गोल नकाशा मोजला, उंची ४ सेमी आणि रुंदी जवळजवळ ५.४. मॉनिटरच्या मेनूत 'Aspect Ratio' असं लिहिलेलं दिसतंय पण ते करड्या रंगात आहे, निवडताच येत नाही. केबल बदलून पाहिली, तेच. मॉनिटर बिघडलाय की पीएस५ मध्ये कुठे २१:९ चं सेटिंग असतं?

ढोलताशा७७
पीएस५ मध्ये Settings मध्ये जा, Screen and Video मध्ये Adjust Display Area आहे बघ, तिथे बाणाने चित्र लहान करता येतं. माझ्या टीव्हीवर कडा कापल्या जात होत्या तेव्हा यानेच काम झालेलं.

निवांत_पुणेकर
करून पाहिलं दादा. चित्र चारही बाजूंनी आत आलं, पण बॉल अंडाच. आता फक्त छोटं अंडं.

सिग्नलवाला
ढोलताशा, ते सेटिंग टीव्ही कडा कापतो त्यासाठी आहे, त्याने आकाराचं प्रमाण बदलत नाही.
निवांत, तुमचं काहीच बिघडलेलं नाही. पीएस५ ला २१:९ माहीतच नाही, एक्सबॉक्सलाही नाही. दोन्ही फक्त १६:९ चंच चित्र बाहेर पाठवतात, मग १०८० असो, १४४० असो की ४के. त्या १६:९ चं काय करायचं ते मॉनिटर ठरवतो आणि तुमचा मॉनिटर ते ओढून कडेपर्यंत नेतोय. तुमची टेप एकदम बरोबर आहे बघा. १४४० उंचीला १६:९ ची रुंदी होते २५६०, तुमची स्क्रीन ३४४०, भागून बघा, १.३४ येतं. आणि ४ चे ५.४ म्हणजे पण तेवढंच. म्हणून सेटिंग पीएस५ मध्ये शोधू नका, मॉनिटरच्याच मेनूत आहे.
आता ते करडं का आहे. ज्या एचडीएमआयवर पीएस५ आहे तिथे Adaptive-Sync किंवा FreeSync चालू आहे का बघा. बऱ्याच मॉनिटरमध्ये ते चालू असलं की चित्राचं प्रमाण बदलायचं कुलूप लागतं. ते बंद करा आणि परत त्या पानावर या.

कोकणी_माणूस
मला पण सेम प्रॉब्लेम!! फक्त माझ्याकडे पीसी आहे, एक जुना गेम लावला की दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात, ते कसे घालवायचे?

सिग्नलवाला
अहो तुमचा उलटा आहे. तुमचा गेम १६:९ चा आहे आणि तुमचं कार्ड त्याला बरोबर मधे ठेवतंय, हेच तर यांना हवंय. पीसीवर गेममध्येच ३४४०×१४४० मिळतं का बघा, नसेल तर पट्टे राहू द्या. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

निवांत_पुणेकर
सिग्नलवाला, पाय कुठे आहेत तुमचे! Adaptive-Sync बंद केलं आणि ते उघडलं. आत तीन पर्याय आहेत, Full, Aspect आणि 1:1. मला वाटलं 1:1 सगळ्यात शुद्ध असणार म्हणून ते दाबलं तर चित्र एकदम छोटं होऊन स्क्रीनच्या मध्ये बसलं, चारही बाजूंनी काळं, लग्नाच्या अल्बममधल्या फोटोसारखं. Aspect वर ठेवलं तर उंची पूर्ण भरते, डावी-उजवीकडे पट्टे, बॉल गोल. पण अक्षरं जरा पुसट वाटतात, लॅपटॉपवर इतकी नसतात.

सिग्नलवाला
त्या छोट्या चौकटीनेच सांगितलं काय चाललंय ते. 1:1 म्हणजे आलेला एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर, ताणणं नाही. चित्र लहान दिसलं म्हणजे पीएस५ तुम्हाला १०८० पाठवतोय. Aspect वर तेच १०८० फुगवून १४४० होतंय, म्हणून पुसट. अल्ट्रावाइड मॉनिटर कन्सोलला स्वतःची माहिती देताना ३४४० सांगतो, ते कन्सोलला कळत नाही आणि तो १०८० वर येऊन बसतो, असं होतं बऱ्याचदा.
Screen and Video मध्ये Video Output ला जा, तिथे Test 1440p Output आहे. सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून आलंय. टेस्ट करा, चित्र दिसलं तर Resolution १४४० ठेवा. मग मॉनिटरच्या माहितीच्या पानावर २५६०×१४४० दिसायला हवं. दिसलं की Aspect आणि 1:1 मध्ये काही फरक उरणार नाही. टेस्टला स्क्रीन काळी राहिली तर मात्र तुमचा मॉनिटर एचडीएमआयवर ते घेतच नाही, मग १०८० वर समाधान.

निवांत_पुणेकर
झालं!! २५६०×१४४० दिसतंय, अक्षरं कापून ठेवल्यासारखी स्वच्छ. पट्टे मोजले, प्रत्येकी साधारण १० सेमी. एवढी जागा वाया जाते म्हणून जीव थोडा खालीवर होतो. आणि Adaptive-Sync बंद केल्याने काही नुकसान?

सिग्नलवाला
मधलं चित्र २७ इंची मॉनिटरएवढंच आहे, तसं समजा म्हणजे वाईट वाटणार नाही. नुकसान बहुतेक काहीच नाही, कारण पीएस५ ला एचडीएमआय २.१ वालं व्हीआरआर लागतं, मॉनिटरचं जुनं FreeSync तो वापरतच नाही. एक्सबॉक्स मात्र वापरतो, तिथे विचार करावा लागेल.

नागपुरी_संत्रा
माझ्याकडे एक्सबॉक्स आहे आणि हाच वांधा आहे, FreeSync ठेवलं तर ताणलेलं, काढलं तर कॅमेरा फिरवताना चित्र फाटतं. मी ताणलेलंच खेळतोय, डोळ्याला सवय होते हो दोन दिवसांत.

सिग्नलवाला
सवय होते हे मान्य, पण नेम धरायच्या गेममध्ये आडवा माऊस… सॉरी, स्टिक हलवताना डावं-उजवं वेगात आणि वर-खाली हळू वाटतं, मला तरी नाही जमलं.

निवांत_पुणेकर
अजून एक गंमत. रात्री पीएस५ च्या ॲपमधून सिनेमा लावला, तो रुंद वाला, तर वर-खाली पण पट्टे आणि बाजूला पण पट्टे, मधे आडवी चिंधी. तोच सिनेमा लॅपटॉपवरून फुल स्क्रीन भरतो. म्हणजे मॉनिटरच्या आकाराचा सिनेमा आणि तरी चारी बाजूंनी काळं!

सिग्नलवाला
वर-खालचे पट्टे पीएस५ ने १६:९ च्या चौकटीतच भरून पाठवलेत, ते आता चित्राचाच भाग आहेत. बाजूचे मॉनिटरने लावले. एखाद्या मॉनिटरला झूम असतं, त्याने सिनेमा भरतो, पण तुमच्या तीन पर्यायांत ते नाही. सिनेमा लॅपटॉपवरच बघा.

चहाबिस्किट
माझा ओलेड अल्ट्रावाइड आहे, रोज तीन तास पट्ट्यांसकट खेळतो. मधला भाग झिजून कडा नव्या राहतील आणि पुढे लॅपटॉप लावल्यावर दोन उभ्या रेघा दिसतील अशी भीती वाटते. कोणाला दिसल्यात का खरंच?

ढोलताशा७७
मित्राच्या ओलेड टीव्हीवर न्यूज चॅनेलचा लोगो उमटलेला, पण पट्ट्यांचं नाही ऐकलं.

सिग्नलवाला
तत्त्वतः होऊ शकतं, मधले ठिपके जास्त जळतात. किती दिवसांत डोळ्याला दिसेल ते ब्राइटनेसवर आहे. पूर्ण स्क्रीन करडा रंग लावून महिन्यातून एकदा बघत जा आणि दिसलं तर इथे फोटो टाका.