को-फाउंडर शोधताना विकेंडच्या प्रोजेक्टवरून खरंच काही कळतं का?

एकटीच_चालले
पाच महिन्यांत २३ जणांना भेटले. मी प्रॉडक्ट आणि कस्टमरची बाजू बघते, कोड लिहिणारा को-फाउंडर हवाय. चौघांशी तीन-चार वेळा नीट बोलणं झालं, त्यातल्या दोघांबरोबर एकेक विकेंड बसून छोटंसं काहीतरी बनवलं. दोन्ही विकेंड मस्त गेले आणि तीच पंचाईत झालीय, दोघंही चांगलेच वाटतायत. अशा छोट्या प्रोजेक्टवरून खरंच काही कळतं का की मी स्वतःचीच समजूत घालतेय?

सदतीस_टक्के
यावर चक्क गणित आहे. जेवढे लोक भेटायचेत त्यातले पहिले ३७ टक्के नुसते बघायचे, कोणालाही हो म्हणायचं नाही, आणि मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल त्याला धरायचं. तुझे २३ म्हणजे पहिले आठ सोडून दे आणि नवव्यापासून बघ, त्या आठांपेक्षा भारी कोण आधी भेटला? तोच. विषय संपला, प्रोजेक्ट वगैरे करत बसायची गरजच नाही.

जुना_भिडू
मी उलट्या बाजूचा आहे, आधीच सांगतो. २३ जणांना भेटून को-फाउंडर मिळत नसतो. माझा पार्टनर शाळेपासूनचा मित्र, ११ वर्षं झाली धंदा चालू आहे, आम्ही एक दिवसही कोणाची ट्रायल घेतली नाही. विकेंडला सगळेच गोड वागतात हो, नव्याचे नऊ दिवस, तुम्ही तर दोनच बघितलेत. माणूस कळायला त्याच्याबरोबर वाईट दिवस काढावे लागतात आणि ते मुद्दाम ठरवून काढता येत नाहीत.

दुसरी_वेळ
सदतीस, गणित खरं आहे पण इथे बसत नाही. त्यात एकदा नाही म्हटलेल्या माणसाकडे परत जाता येत नाही असं धरलेलं असतं, आणि समोरचा कधी नाही म्हणत नाही असंही. इथे चौथ्या नंबरच्या माणसाला आज फोन करता येतो, आणि तो "मला नको" म्हणू शकतो. शिवाय तो नियम तंतोतंत पाळला तरी सगळ्यात चांगला माणूस हाती लागायची शक्यता ३७ टक्क्यांच्याच आसपास असते, हे कोणी सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे भेटल्यावर माणूस किती भारी ते लगेच कळतं असं ते गणित गृहीत धरतं, इथे तर सगळा घोळ तोच आहे.

आता मूळ प्रश्न. भिडूंचं एक बरोबर आहे, विकेंडमध्ये फार काही कळत नाही, कारण विकेंडला तिसरा माणूस नसतो. दोघांनीच ठरवायचं, दोघांनीच बनवायचं आणि रविवारी दोघांनीच खूश व्हायचं, मग भांडायचं कशावरून? माझी पहिली कंपनी १४ महिन्यांत फुटली आणि आम्ही असेच तीन विकेंड छान घालवून ती काढली होती. दुसऱ्या वेळी ११ जणांना भेटलो, तिघांबरोबर काम केलं, पण या वेळी प्रोजेक्टला खरा गिऱ्हाईक होता. एका फिजिओथेरपी क्लिनिकचे पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येत नसत, त्यांना आदल्या दिवशी आठवण करून देणारी साधी सिस्टीम. पाच आठवडे, दोघांचे आठवड्याला दहा-दहा तास, शेवटची तारीख आधीच ठरलेली, आणि क्लिनिकने थोडे का होईना पैसे द्यायचे. त्या तिघांतला एक कोड लिहिणार, मी क्लिनिकशी बोलणार.

पहिले दोन आठवडे तुझ्या विकेंडसारखेच गेले, सगळं गोड. तिसऱ्या आठवड्यात रिसेप्शनिस्ट म्हणाली की मला प्रत्येक पेशंट दोनदा टाइप करावा लागतो, एकदा आमच्या एक्सेल शीटमध्ये आणि एकदा तुमच्याकडे, म्हणून चार दिवस झाले मी तुमचं उघडलंच नाही. मी शुक्रवारी संध्याकाळी त्याला सांगितलं, तो "ठीक आहे" म्हणाला. सोमवारी बघतो तर याने एंट्रीची आख्खी स्क्रीन नव्याने लिहिलेली, दोन रात्री जागून, आणि सुंदर लिहिलेली. पण तिला नवी स्क्रीन नकोच होती, तिची शीट आपोआप आत यायला हवी होती, अर्ध्या दिवसाचं काम. मी चिडलो. तो म्हणाला तू "तिला वापरायला त्रास होतो" एवढंच म्हणालास, दोनदा टाइप करायचं बोललाच नाहीस. जुने मेसेज काढून बघितले तर खरंच नव्हतो बोललो. म्हणजे मी अर्धवट निरोप देतो आणि तो न विचारता एकटाच कामाला लागतो, ही आमची जोडी. सहा महिने गप्पा मारून हे कळलं नसतं.

मग लगेच हो-नाही केलं नाही. चार आठवड्यांचं दुसरं काम घेतलं आणि एकच नियम केला, अर्ध्या दिवसापेक्षा मोठं काही सुरू करायच्या आधी दोन ओळी लिहायच्या, काय करतोय आणि का. दोन आठवडे त्याने पाळला, तिसऱ्यात एकदा मोडला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारायच्या आधी स्वतःच सांगितलं. माझ्यासाठी तिथे निर्णय झाला. चूक झाली की नाही हे मी बघतच नव्हतो, चूक दुसऱ्यापर्यंत किती वेळात आणि कोणाच्या तोंडून पोचते एवढंच बघत होतो.

टेस्ट_झालेला
मी या गोष्टीतला दुसरा माणूस आहे, म्हणजे तुमच्या गोष्टीतला नाही, तसल्याच एका. एकाने मला चार महिने "छोट्या प्रोजेक्ट"वर ठेवलं, एक झाला की दुसरा, दुसरा झाला की अजून एक बघू, आणि नंतर कळलं की तो त्याच काळात आणखी तिघांबरोबर हेच करत होता. पैसे शून्य. शेवटी माझा कोड त्याच्या डेमोत आणि को-फाउंडर दुसराच. सगळे इथे शिकवतायत टेस्ट कशी घ्यायची, पण टेस्ट देणाऱ्याला माहीत तरी असतं का की परीक्षा चालू आहे?

लेखाजोखा
आमच्याकडे नवीन माणूस घेताना तीन महिने प्रोबेशन असतं, त्यात कळून जातं सगळं. एक फॉर्म भरायचा, वेळेवर येतो का, सांगितलेलं करतो का, बास. एवढं गुंतागुंतीचं का करताय?

एकटीच_चालले
लेखाजोखा, मला नोकरीवर नाही घ्यायचंय कोणाला, बरोबरीचा पार्टनर हवाय, तो "सांगितलेलं करतो" असा निघाला तरच मला टेन्शन येईल 😀
टेस्ट_झालेला, तुमचं वाचून जरा पोटात गोळा आला, कारण त्या दोघांना एकमेकांबद्दल मीही सांगितलेलं नाही.

दुसरी_वेळ
मग आजच सांग. एकाच वेळी दोघांशी बोलणं यात काही चूक नाही, लपवणं चूक. टेस्ट_झालेला यांच्याबरोबर झालं ते वाईटच झालं, आणि त्यावर तीन गोष्टी कामाला हात लावायच्या आधी एका पानावर लिहायच्या: कोणत्या तारखेला थांबायचं, आलेले पैसे कसे वाटायचे, आणि वेगळे झालो तर कोड कोणाचा. आम्ही लिहिलं होतं की दोघंही तो कोड वापरू शकतात पण नाव आणि गिऱ्हाईक क्लिनिकशी ज्याने बोलणी केली त्याचं. वकील नव्हता, ईमेलवर दोघांनी "मान्य" लिहिलं. हे काही कोर्टात टिकेल असा दावा नाही, पण त्या पानावरून जो कुरकुर करतो तो कुठे अडणार ते तिथेच दिसतं.

जुना_भिडू
पानं लिहून माणूस सरळ होत नाही. जॉब्स आणि वॉझ्नियॅक घ्या. १९७५ साली अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचं ब्रेकआउट दोघांनी मिळून केलं, वॉझ्नियॅक दिवसा नोकरी करून रात्री जागला, चार दिवसांत संपवलं, म्हणजे तुमच्या भाषेत छोटा प्रोजेक्ट अगदी फर्स्ट क्लास पास. त्याला ३५० डॉलर मिळाले, आणि जॉब्सला वर बोनस मिळाला होता हे त्याला काही वर्षांनी कळलं. जॉब्सने ते नाकारलं, पण वॉझ्नियॅक आजही तेच सांगतो. तर काय कळलं प्रोजेक्टवरून? आणि कळलं नाही तेच बरं, १९७६ ला ॲपल निघाली!

दुसरी_वेळ
उदाहरण भारी आहे, पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. अटारीशी बोलत होता एकटा जॉब्स, पैसे येत होते एकट्याकडे, वॉझ्नियॅकला हिशेब दिसतच नव्हता. प्रोजेक्टने लपवलं नाही, मांडणीने लपवलं. आमच्या वेळी क्लिनिकचं बिल त्याने लिहिलं, पैसे माझ्या खात्यात आले, आणि मेसेज दोघांना गेला. बाकी कळलं असतं तर ॲपल निघाली असती का, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमचं एक मात्र मान्य करतो. काही गोष्टी कुठल्याच प्रोजेक्टमध्ये येत नाहीत, त्या तोंडाने विचाराव्या लागतात. आम्ही नऊ आठवडे काम केलं आणि एक प्रश्न विचारलाच नाही, पगाराशिवाय तू किती महिने काढू शकतोस. दुसऱ्या वर्षी पैसे आटले तेव्हा कळलं की तो दहा महिने काढू शकतो आणि मी तीन. त्यामुळे मला जी ऑर्डर घ्यावीच लागली ती त्याला नको होती, आणि त्यावरून आमचं झालं ते भांडण त्या क्लिनिकवाल्यापेक्षा दसपट मोठं होतं.

सदतीस_टक्के
शेअर ५०-५० केले आणि नंतर पटलं नाही तर मग? एवढं टेस्टिंग करण्यापेक्षा वेस्टिंग लावा की. चार वर्षांचं, पहिल्या वर्षात सोडून गेला तर काहीच नाही, वर्ष पूर्ण झालं की चौथा हिस्सा, पुढे दर महिन्याला थोडं थोडं. म्हणजे पहिलं वर्ष हीच ट्रायल.

दुसरी_वेळ
वेस्टिंग लावायचंच, त्यात वाद नाही. पण ते गेलेल्या माणसाचे शेअर परत आणतं, गेलेलं वर्ष नाही. आमची पहिली कंपनी १४ व्या महिन्यात फुटली म्हणजे वर्षाची अट ओलांडून, चौथ्या हिस्स्यापेक्षा जास्त घेऊन तो बाहेर पडला. पुढे पैसे गुंतवणारे पहिला प्रश्न हाच विचारायचे, हा एवढा हिस्सेवाला कुठे आहे?

एकटीच_चालले
ओके, असं करते. दोघांनाही आज रात्री फोन करून सांगते की दोघांशी बोलणं चालू आहे. त्यातल्या एकाबरोबर आधी पाच आठवडे, खरा गिऱ्हाईक घेऊन, दुसरा तोवर थांबला तर थांबला. कोणाबरोबर आधी करायचं ते ठरत नाहीये.

जुना_भिडू
जो फोनवर चिडेल त्याच्याबरोबर करा. निदान काय वाटतं ते तोंडावर बोलतो एवढं तरी कळलं.

टेस्ट_झालेला
भिडू, मी असतो तर चिडलो असतो आणि फोनही ठेवला असता. ताई, पाच आठवड्यांचं मानधन त्याला किती देणार ते पण त्याच फोनवर सांगा, नंतर नको.

एकटीच_चालले
मानधनाचा विचारच केला नव्हता. गिऱ्हाईकाकडून येईल त्यात निम्मं असं डोक्यात होतं, पण गिऱ्हाईक मिळालाच नाही तर त्याचे ५० तास फुकट जातात, हे आता लक्षात येतंय. माझेही जातात म्हणा, पण कल्पना माझी आहे.