मदत हवी आहे: रिहॅब प्लेसमेंटच्या पत्रात काय लिहू?

एमए सायकॉलॉजी झालंय, एका हॉस्पिटलच्या न्यूरो रिहॅब युनिटमधे प्लेसमेंटसाठी तिथल्या सुपरवायझर मॅडमना पत्र लिहितेय. आजोबांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आलेला, नजर ठीक असून ताटात डावीकडची भाजी तशीच राहायची आणि वर म्हणायचे भाजी वाढा की, मग थेरपिस्टने ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून आधी ती शोधायची सवय लावली. हे पत्रात घालू का, की रडगाणं वाटेल? आणि आधी मी "टेस्ट घेऊन रिपोर्ट लिहीन" असं ठोकून दिलेलं, पण आरसीआय रजिस्ट्रेशन नसताना तसं कसं चालेल, म्हणून आता "सेशन बघेन, स्कोअरिंग तुमच्यासमोर शिकेन" एवढंच ठेवलंय. बरोबर ना?